‘नेट गेलंय’ म्हणजे नक्की काय गेलंय?

सोमवारची सकाळ, महिन्याची २० तारीख. सव्वादहाला आमच्या हेल्पडेस्कच्या यादीत एक तिकीट येऊन पडलं. विषय होता ‘नेट गेलंय. अर्जंट.’ खाली मजकूर काहीच नाही. तिकीट लेखा विभागातल्या एका मॅडमनी मोबाइलवरून टाकलेलं होतं, आणि ते वाट्याला आलं दोन आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या इंटर्न मुलीच्या.

तिकीट म्हणजे नंबर लावलेली तक्रार. ती कोणी केली, कोणी हातात घेतली, काय काय करून पाहिलं आणि शेवटी काय निघालं, हे सगळं त्या एका नंबराखाली नोंदलं जातं. या कामात नवखा माणूस पहिली चूक करतो ती तांत्रिक नसते. ‘नेट गेलंय’ हे तक्रार करणाऱ्याला जाणवलेलं लक्षण असतं आणि तो तेच निदान समजून चालतो.

आमच्या इंटर्ननंही उत्तर टाइप केलं होतं, ‘केबल नीट लावली आहे का ते तपासून कळवावे.’ मी तिला थांबवलं. या प्रश्नाला माणूस टेबलाखाली न वाकताच ‘हो’ म्हणतो, आणि आपल्या हाती काही लागत नाही. तिनं ते खोडून नव्यानं लिहिलं:

‘नमस्कार मॅडम, तुमचं तिकीट मी घेतलं आहे. आज २० तारीख, जीएसटीचं रिटर्न अडकलं असेल तर सांगा, आधी त्याची सोय बघू. तीन गोष्टी कळवाल का? नेट शेवटचं नीट कधी चालत होतं? शेजारच्या टेबलावर चालू आहे का? ऑफिसचं सामायिक फोल्डर उघडतंय, की तेही बंद आहे? मी साडेदहाला तुम्हाला फोन करते.’

यातल्या प्रत्येक प्रश्नानं शोधाचं क्षेत्र कमी होतं. शेजारीही बंद असेल, तर दोष मॅडमच्या संगणकात बहुधा नाही. फोल्डर उघडत असेल, तर ऑफिसच्या आतलं जाळं ठीक आहे आणि अडचण बाहेरच्या इंटरनेटपाशी आहे. शिवाय फोनची वेळ सांगितली, की समोरचा माणूस दर पाच मिनिटांनी विचारत बसत नाही. मात्र सांगितलेली वेळ पाळायला हवी.

उत्तर आलं: शुक्रवारी संध्याकाळी चालू होतं, शेजारी चालू आहे, फोल्डरही उघडत नाही, रिटर्न आजच भरायचं आहे आणि ‘संगणक तीनदा बंद करून चालू केला.’ बंद पडलेला संगणक एकच होता, पण दर महिन्याला जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांची मुदत २० तारखेलाच संपते. त्यामुळे तिनं तिकिटाचा अग्रक्रम वाढवला.

ठरल्या वेळी तिनं फोन केला आणि मॅडमना टास्क मॅनेजरमधल्या ‘Performance’ पानावर ‘CPU’ निवडून ‘Up time’ वाचायला सांगितलं. आकडा अकरा दिवसांचा निघाला. मॅडम खोटं बोलत नव्हत्या. विंडोजमध्ये ‘Fast startup’ चालू असेल, तर ‘Shut down’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात होते ती ‘Restart’नं. इंटर्न एवढंच म्हणाली, “मॅडम, बंद करण्यापेक्षा ‘Restart’ वेगळं असतं, एकदा तेही करून बघू या.” त्यानंही नेट आलं नाही, पण एक शंका मिटली.

मग तिनं स्टार्ट मेन्यूत `cmd` शोधून, उघडलेल्या काळ्या खिडकीत `ipconfig` टाइप करायला सांगितलं आणि पडद्याचा फोटो मागवला. फोटोत ही ओळ होती:

```
Autoconfiguration IPv4 Address . . : 169.254.83.17
```

जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक संगणकाला पत्ता लागतो. ऑफिसात तो सहसा डीएचसीपी नावाची सेवा देते. संगणक ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक मारतो आणि ती नंबर देते. हाकेला कोणीच ओ दिली नाही, तर विंडोज स्वतःच 169.254नं सुरू होणारा एक पत्ता लावून घेतो. त्यानं बाहेर जाता येत नाही. केबल निघालेली असती तर तिथे ‘Media disconnected’ असं दिसलं असतं. म्हणजे केबल जोडलेली होती, पण हाक पोचत नव्हती.

आता संशयित तीन: संगणक, केबल आणि भिंतीतला नेटवर्क पॉइंट. ती मॅडमच्या टेबलाशी गेली. शेजारचे सर रजेवर होते. त्यांची चालू असलेली केबल तिनं मॅडमच्या संगणकाला जोडली, आणि तीस सेकंदांत नीट पत्ता मिळाला. संगणक निर्दोष. मग मॅडमची केबल त्या सरांच्या पॉइंटला लावून पाहिली, तीही चालली. राहिला भिंतीतला पॉइंट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामाचा पहिला नियम. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदललं, तर नेट येतं खरं, पण कशामुळे आलं ते कळत नाही आणि आठवड्यानं तेच तिकीट परत येतं.

या तपासणीतच मॅडमची सोयही झाली. शेजारच्या पॉइंटवरून त्यांनी रिटर्न भरायला घेतलं, आणि भरता भरता सहज म्हणाल्या, “शनिवारी आमची टेबलं हलवली ना, तेव्हापासून खिडकीशी बसते मी.” सगळ्यात कामाची माहिती सगळ्यात शेवटी आली. लोक लपवत नाहीत, त्यांना तिचा नेटशी संबंध वाटत नाही. म्हणून ‘मधल्या काळात काही बदललं का? जागा, पासवर्ड, नवीन मशीन?’ असं नावं घेऊन विचारावं लागतं.

इथे इंटर्नची हद्द संपते. स्विचला हात लावायचा अधिकार तिला नसतो, आणि ते योग्यच आहे. ‘नेट चालत नाही, कृपया बघावे’ एवढं लिहून तिकीट पुढे ढकललं असतं, तर नेटवर्कवाल्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले असते. तिनं लिहिलं: ‘खिडकीजवळचा पॉइंट, पट्टीवर बी-१४. त्यावर संगणकाला 169.254 पत्ता मिळतो. तोच संगणक आणि तीच केबल बी-१३ वर व्यवस्थित चालतात. टेबल शनिवारी हलवलं. मॅडमचं काम सध्या बी-१३ वरून चालू, पण ते सर उद्या रजेवरून येत आहेत.’

नेटवर्क विभागाला पाच मिनिटं लागली. बी-१४ वर पूर्वी सीसीटीव्ही कॅमेरा होता. एकाच स्विचचे आतून वेगळे कप्पे करता येतात, त्यांना व्हीएलएएन म्हणतात. हा पॉइंट अजून कॅमेऱ्यांच्या कप्प्यात होता, आणि तिथे पत्ते हातानं भरलेले असल्यानं डीएचसीपी नव्हतंच. त्यांनी कप्पा बदलला.

तरी तिनं तिकीट लगेच बंद केलं नाही. केबल परत बी-१४ ला लावली, मॅडमना फोल्डर आणि जीएसटीचं पोर्टल दोन्ही उघडून बघायला सांगितलं, आणि त्या ‘हो, चालू आहे’ म्हणाल्यावर कारण आणि उपाय दोन ओळींत नोंदवून मगच बंद केलं.

महिन्याभरानं मॅडमचं आणखी एक तिकीट आलं: ‘प्रिंट निघत नाही. काल संध्याकाळी निघत होती. शेजारच्यांची निघतेय. ‘Restart’ केलं. काल नवीन टोनर बसवलाय.’ इंटर्नला पहिला प्रश्न विचारावाच लागला नाही.