हप्ता परत गेल्याचा मेसेज कसा वाचावा

पाच तारखेला सकाळी मोबाइलवर एकामागून एक दोन मेसेज येतात. पहिला आपल्या बचत खात्याच्या बँकेचा असतो आणि दुसरा कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचा. ‘हप्ता परत गेला, कारण : अपुरी शिल्लक’ असा दोन्हींचा आशय असतो, म्हणून बहुतेक जण एकच बातमी दोनदा आली असे समजतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी बिले असतात. खात्यावरचा आदेश पाळता आला नाही म्हणून बँक आपला आकार लावते. हप्ता मिळाला नाही म्हणून कंपनी तिचा बाउन्स चार्ज लावते.

आकडे घेऊन पाहू. समजा, जुन्या चारचाकीच्या कर्जाचा हप्ता ८,४०० रुपये आहे. बँकेने ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५९० कापले. कंपनीचा बाउन्स चार्ज ५०० रुपये आहे. शिवाय थकलेल्या रकमेवर वर्षाला २४ टक्के दराने दंड आहे. पगार चार दिवसांनी, नऊ तारखेला झाला आणि त्याच दिवशी हप्ता भरला, तर चार दिवसांचा दंड होतो सुमारे २२ रुपये. म्हणजे उशिराचे २२ आणि हप्ता एकदा परत गेल्याचे १,०९०. (दर बँकेगणिक आणि कंपनीगणिक बदलतात, पण प्रमाण साधारण असेच राहते.)

म्हणून मेसेज वाचताना पहिला प्रश्न ‘किती भरायचे’ हा नसावा. ‘हप्ता पुन्हा खात्यावर कधी टाकणार’ हे आधी विचारावे. बऱ्याच कंपन्या काही दिवसांनी तोच हप्ता पुन्हा वसुलीला पाठवतात. खाते तेव्हाही रिकामे असेल, तर बँकेचे ५९० आणि कंपनीचे ५०० पुन्हा लागू शकतात. उलटही घडते. आपण अॅपमधून हप्ता भरतो, पण आधीच पाठवलेली वसुली थांबत नाही आणि त्याच हप्त्याचे पैसे दुसऱ्यांदा कापले जातात. यासाठी कंपनीच्या अॅपवर किंवा करारावरच्या नंबरवर कर्जखाते क्रमांक देऊन पुढच्या वसुलीची तारीख विचारावी, पैसे भरल्याची पावती पाठवावी आणि उत्तर लेखी घ्यावे. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र पैसे भरू नयेत. असे बनावट मेसेजही फिरतात. आणखी एक गोष्ट : १ ऑगस्ट २०२१ पासून हप्त्यांची ही स्वयंचलित वसुली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत.

आता सवलतीचे दिवस. ‘नऊ तारखेपर्यंत भरा’ असे मेसेजमध्ये असले, की चार दिवसांची मुभा मिळाली असे वाटते. काही कंपन्या करारानुसार पहिले काही दिवस दंड लावत नाहीत, हे खरे. पण थकबाकीचे दिवस देय तारखेपासूनच मोजले जातात. रिझर्व्ह बँकेने दिलेलेच उदाहरण पाहा. ३१ मार्चचा हप्ता दिवसअखेर आला नाही, तर खाते त्याच दिवशी थकीत. तसेच राहिले तर ३० एप्रिलला ते दुसऱ्या पायरीवर जाते, ३० मेला तिसऱ्या आणि २९ जूनला बुडीत म्हणजे एनपीए. एकदा एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खाते सुधारत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते. त्यामुळे मेसेजमधला थकीत दिवसांचा आकडा दंडाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

दंडालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार तो व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. थकलेल्या हप्त्यावरचे नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ‘अदर चार्जेस’ अशी मोघम रक्कम दिसली, तर कर्जाचा खातेउतारा मागवून प्रत्येक ओळ त्या कागदाशी ताडून पाहा.

बाउन्सचा मेसेज म्हणजे कोर्टाची नोटीस नव्हे. पण हप्त्याचा इलेक्ट्रॉनिक आदेश अपुऱ्या शिलकीमुळे परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक परत जाण्यासारखाच, गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी आधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर तो खटला उभा राहत नाही. अशी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका.

पगार दर महिन्याला सातनंतरच होत असेल, तर देय तारीख दहा करून देण्याचा अर्ज आताच करा. चुकीचा आकार लागला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.