शाखेचे पत्ते शाखेतूनच

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन आला. तालुक्याच्या गावातली, औषधांच्या एका घाऊक वितरकाची शाखा. व्यवस्थापक सांगत होते, "साहेब, मुख्य कार्यालयाची लाइन रात्रीपासून बंद आहे, ते समजलं. पण बिलिंगचं सॉफ्टवेअर तर इथल्याच कॉम्प्युटरवर आहे, प्रिंटर समोर टेबलावर आहे. तरी तो सापडत नाही म्हणतोय. असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना काळी खिडकी उघडून `ipconfig` टाइप करायला सांगितलं. पत्ता निघाला 169.254 ने सुरू होणारा. हा आकडा दिसला की अर्धं निदान झालं. नेटवर्कवर आल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःसाठी पत्ता मागतो. कोणीच दिला नाही, तर या राखीव गटातला एखादा पत्ता आपल्याच मनाने लावून घेतो. प्रिंटरचा पत्ता होता 10.20.5.10. एक जण एका गल्लीत, दुसरा भलत्याच पेठेत. मधे तीन फुटांचं टेबल असलं तरी गाठ पडणार नाही.

पत्ते वाटणारी सेवा, म्हणजे डीएचसीपी, चालत होती शंभर किलोमीटरवरच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर. शाखेचा राउटर प्रत्येक मागणी तिकडे पोचवायचा आणि उत्तर आणून द्यायचा. दिलेला पत्ता कायमचा नसतो, त्याला मुदत असते, आणि इथे ती २४ तासांची होती. शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाले, रविवारी मुदती संपल्या, रविवारी रात्री लाइन गेली. सोमवारी सगळे कॉम्प्युटर पत्ता मागत बसले आणि द्यायला कोणी नव्हतं. हीच लाइन मंगळवारी गेली असती, तर सोमवारच्या पत्त्यांची मुदत शिल्लक असल्यामुळे बिलिंग बहुधा चालू राहिलं असतं.

उपाय शाखेतच, भिंतीवरच्या कपाटात होता. तिथला २४ पोर्टचा सिस्को कॅटॅलिस्ट स्विच डीएचसीपी सर्व्हरचं काम स्वतः करू शकतो. दुकानात हजार-दीड हजाराला मिळणारा साधा स्विच हे करू शकत नाही. तो फक्त तारा जोडतो. ज्यात लॉगिन करून सेटिंग करता येतं अशा स्विचपैकीही सगळ्यांत ही सोय नसते, तेव्हा आधी तेवढं तपासावं. पंधरा-वीस यंत्रांच्या शाखेसाठी मात्र यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. स्विच बंद पडला तर तसंही काहीच चालणार नाही. म्हणजे बंद पडू शकेल असं आणखी एक यंत्र आपण साखळीत वाढवत नाही.

मुख्य कार्यालयाने या शाखेला ६४ पत्त्यांचा तुकडा दिला होता. त्यातला पहिला आणि शेवटचा कोणाला देता येत नाही, म्हणून वापरायला उरतात ६२. राउटर १ नंबरवर होता. स्विचला त्या नेटवर्कमध्ये स्वतःचा पत्ता असावाच लागतो, कारण मागणी कोणत्या नेटवर्कमधून आली हे तो त्यावरूनच ओळखतो आणि त्या नेटवर्कच्या गठ्ठ्यातून पत्ता काढतो. त्याला २ नंबर दिला. मग एवढ्याच ओळी:

```
ip dhcp excluded-address 10.20.5.1 10.20.5.15
ip dhcp pool SHAKHA
 network 10.20.5.0 255.255.255.192
 default-router 10.20.5.1
 dns-server 10.20.0.10
 lease 0 2
```

राउटरवरची, मागणी मुख्य कार्यालयाकडे पोचवणारी `ip helper-address` ही ओळ त्याच वेळी काढून टाकली. ती राहिली असती तर दोन ठिकाणांहून पत्ते आले असते, आणि कोणत्या कॉम्प्युटरने कोणाचा घेतला हे शोधत बसावं लागलं असतं.

पहिली ओळ मुद्दाम पहिली आहे. `network` ही ओळ लिहिली की त्या तुकड्यातले सगळे पत्ते वाटण्यासाठी मोकळे आहेत असं स्विच धरून चालतो. राउटर कुठे आहे, प्रिंटरला कोणता आकडा हाताने घातलाय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून जे पत्ते वाटायचे नाहीत ते आधी बाजूला काढायचे आणि मगच गठ्ठा उघडायचा. हे वगळणं गठ्ठ्याच्या आत लिहीत नाहीत, बाहेर, स्वतंत्र ओळीत लिहितात. इथे आम्ही १ ते १५ वगळले: राउटर, स्विच, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं यंत्र, वायफायचे दोन डबे. आठ यंत्रं झाली. उरलेले सात पुढच्या खरेदीसाठी.

वगळायचं राहिलं की काय होतं, हे मी याआधी एका ठिकाणी पाहिलं होतं. तिथे प्रिंटर बसवणाऱ्याने त्याला हाताने ३० नंबर घातला होता आणि तो वाटायच्या गठ्ठ्यातच पडत होता. पत्ता देण्याआधी स्विच त्या पत्त्यावर दोनदा पिंग पाठवतो, म्हणजे "कोणी आहे का?" असं विचारून बघतो. उत्तर आलं तर तो पत्ता बाजूला ठेवतो. पण प्रिंटर रात्री बंद असायचा. सकाळी लवकर आलेल्या एका लॅपटॉपने पत्ता मागितला, ३० वर शांतता होती, स्विचने तो देऊन टाकला. दहा वाजता प्रिंटर सुरू झाला आणि एका पत्त्याचे दोन मालक झाले. काही बिलं छापली जायची, काही नाही. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, दोन दिवस गेले.

खूण शोधायची तर एखाद्या कॉम्प्युटरवर `arp -a` करून बघावं. त्या पत्त्यापुढे यंत्राचा हार्डवेअर क्रमांक दिसतो. थोड्या वेळाने पुन्हा बघितल्यावर त्याच पत्त्यापुढे वेगळा क्रमांक दिसला, तर भांडण नक्की. स्विचवर `show ip dhcp conflict` दिलं की त्याला स्वतःला सापडलेली भांडणं यादीत दिसतात. या यादीतला पत्ता कोणी हाताने साफ करेपर्यंत पुन्हा वाटला जात नाही. मोठ्या गठ्ठ्यात हे कळतही नाही. लहान शाखेत असे पाच-सहा पत्ते अडकले की टंचाई जाणवते. भांडण मिटवल्यावर `clear ip dhcp conflict *` द्यायचं, मिटवण्याआधी नाही.

आता शेवटची ओळ, मुदत. पंधरा वगळून आमच्याकडे ४७ पत्ते उरले. रोजची यंत्रं २८: कॉम्प्युटर ११, कर्मचाऱ्यांचे फोन ११, बारकोड वाचणारी हातातली यंत्रं ६. शिवाय माल न्यायला येणारी डिलिव्हरीची मुलं, कंपन्यांचे प्रतिनिधी, गाडीचे चालक. दहा तासांत साधारण चाळीस माणसं येतात, अर्धा तास थांबतात, वायफायवर ऑर्डर बघतात, जातात. एका वेळी आठाच्या वर कधी नसतात. २८ आणि ८ मिळून ३६. म्हणजे ४७ भरपूर वाटतात.

पण फोन निघून गेला तरी पत्ता लगेच परत येत नाही. माणूस दाराबाहेर पडताना फोन सहसा "माझा पत्ता घ्या" असं सांगून जात नाही, वायफाय नुसतं सुटतं. स्विचच्या वहीत तो पत्ता मुदत संपेपर्यंत त्याच्याच नावावर राहतो. म्हणून एका वेळी किती जण हजर आहेत हा हिशोब पुरत नाही. एका मुदतीच्या काळात एकूण किती वेगवेगळी यंत्रं येऊन गेली, हे मोजावं लागतं. मुदत २४ तासांची ठेवली तर २८ आणि ४० म्हणजे ६८, आणि दुपारनंतर येणाऱ्याला पत्ताच नाही. आठ तास ठेवली तरी तासाला चार या दराने ३२ आणि २८ म्हणजे ६०. दोन तास ठेवली की पाहुण्यांचे आठ, सकाळच्या गर्दीत बारा, एकूण चाळीस. सात पत्ते हाताशी राहतात.

`lease 0 2` मधला पहिला आकडा दिवसांचा, दुसरा तासांचा. हवा असेल तर तिसरा मिनिटांचा. घाईत नुसतं `lease 2` लिहिलं तर दोन दिवस होतात आणि स्विच काही तक्रार करत नाही. ही ओळ लिहिलीच नाही तर मुदत एक दिवसाची असते. बदलानंतर एक दिवस धीरही धरावा लागतो, कारण आधी दिलेल्या पत्त्यांना जुनीच मुदत चालू असते. घाईने `clear ip dhcp binding *` देऊन वही पुसली, तर प्रत्यक्ष वापरात असलेले पत्तेही स्विचला मोकळे वाटू लागतात.

मुदत इतकी कमी ठेवली तर काम अडणार नाही का, असं व्यवस्थापकांनी विचारलं. नाही अडत. यंत्र मुदत संपायची वाट बघत नाही. अर्धी मुदत झाली की आपणहून नूतनीकरण मागतं. म्हणजे तासाला एकदा दोन छोटे निरोप, तेही वापरणाऱ्याला न कळता. सर्व्हर दूर असतो तेव्हा मुदत मोठी ठेवतात, तो काही वेळ बंद पडला तरी लोकांचे पत्ते टिकावेत म्हणून. सर्व्हर म्हणजेच स्विच असला की हे कारण उरत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. कोणाला काय दिलं ही वही स्विच चालू मेमरीत ठेवतो. वीज गेली की वही कोरी. पुन्हा वाटताना पिंगचा आधार असतो, पण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही, म्हणून तो आधार पक्का नाही. वही फाइलमध्ये साठवायची सोय आहे, `ip dhcp database` या आज्ञेने. पण त्यासाठी स्विचचं घड्याळ बरोबर लागलेलं हवं. आमचं लागलेलं नव्हतं. `show ip dhcp binding` दिल्यावर हे दिसलं:

```
10.20.5.16  0100.1a2b.3c4d.5e  Mar 01 1993 03:12 AM  Automatic
```

डावीकडे पत्ता, मग 01 जोडलेला हार्डवेअर क्रमांक, मग मुदत कधी संपते ते. घड्याळ न लावलेला स्विच सुरू झाला की १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. दोन तास तो बरोबर दोन तासच मोजतो, पण अशा तारखांवरून मागचा माग काढता येत नाही. घड्याळ लावलं, वही साठवायला सांगितली, आणि कपाटातला स्विच यूपीएसवर घेतला.

पाहुण्यांचे फोन बिलिंगच्याच नेटवर्कवर असणं मला त्या दिवशीही पटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांच्यासाठी वेगळं व्हीलॅन केलं. त्याचा गठ्ठा वेगळा, मुदत एक तास. कार्यालयाच्या गठ्ठ्यात आता २८ च यंत्रं उरल्यामुळे तिथली मुदत आठ तासांवर नेली.

निघताना कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता: १ ते १५ आकडे, प्रत्येकापुढे यंत्राचं नाव, आणि खाली एक ओळ, की हाताने पत्ता घालायचा असेल तर तो यातलाच मोकळा घ्यावा आणि इथे लिहावा. परवा गेलो तेव्हा ९ नंबरपुढे व्यवस्थापकांच्या अक्षरात "गोदामाचा नवा कॅमेरा" असं लिहिलेलं होतं, तारखेसकट.