एम २० पुरेसे की एम ३० हवे?

‘एम २०’ या नावातला एम म्हणजे मिक्स, अर्थात मिश्रण, आणि २० म्हणजे त्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद. १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्रात दाबला, की त्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो भार पेलावा. शंभरातले पाचांहून जास्त ठोकळे याच्या खाली जाऊ नयेत, अशी अपेक्षा असते. त्यामुळे सरासरी २० येऊन भागत नाही. एम २० साठी सरासरीचे लक्ष्य साधारण २६.६ धरावे लागते.

आयएस ४५६ हे भारतीय मानक ठरीव प्रमाणाला एम २० पर्यंतच परवानगी देते. एक गोणी सिमेंटला वाळू आणि खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, हे त्यातले एम २० चे प्रमाण. साइटवर त्याला १:१.५:३ म्हणतात आणि फरम्याने मोजतात. खरी गडबड इथेच होते. गोणीभर सिमेंट ३५ लिटर भरते, म्हणून वाळू ५२.५ लिटर हवी. पण ओलसर वाळू फुगते. ती २५ टक्के फुगलेली असेल, तर तेवढ्याच मापात खरी वाळू ४२ लिटरच येते. शिवाय वाळूतला ओलावा त्या ३० लिटरांतून वजा करायचा असतो, तो सहसा कोणी करत नाही. माल सहज पसरावा म्हणून वर आणखी बादलीभर पाणी ओतले, की नावात २० राहते, ताकद मात्र उतरते.

डिझाइन मिक्स फक्त उंच इमारतींना लागते, हा समज चुकीचा आहे. मजल्यांइतकाच हवामानाचाही विचार करावा लागतो. मालवणला समुद्राकाठी बांधलेले एकमजली घर घ्या. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि कव्हर सुटून पडते. किनाऱ्यावर उघड्या राहणाऱ्या सळईच्या काँक्रीटला मानक किमान एम ३० सांगते. घनमीटरला निदान ३२० किलो सिमेंट आणि सिमेंटच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त पाणी नाही. म्हणजे गोणीला २२.५ लिटरच. इतक्या कमी पाण्यात माल घट्ट होतो. तो सळयांच्या जाळीत उतरण्यासाठी ॲडमिक्श्चर लागते. त्याचा डोस आणि वाळू-खडीचे वजन प्रयोगशाळेत चाचणी मिश्रणे करूनच ठरते. किनाऱ्यापासून दूरही मातीत गाडलेल्या फूटिंगला मानकानुसार एम २५ लागते. तिथेही ठरीव प्रमाण चालत नाही.

डिझाइन मिक्सचा कागद ज्या सिमेंट, वाळू आणि खडीवर चाचणी झाली, त्यांच्यापुरताच खरा असतो. नदीची वाळू बंद होऊन क्रश सँड आली, तर चाचणी पुन्हा करावी लागते, कारण तिच्या बारीक भुकटीमुळे पाण्याची गरज बदलते.