काटकोनी बेंडमध्ये किती मिलीमीटर वजा करायचे?

पत्र्याचा कोन बनवायचा आहे. बाहेरून मोजल्यावर एक बाजू 50 मिलीमीटर आणि दुसरी 30 मिलीमीटर भरली पाहिजे. बेरीज 80 होते म्हणून 80 मिलीमीटरची पट्टी कापली, तर वाकवल्यावर कोन साडेतीन मिलीमीटरहून जास्त मोठा येतो. बाहेरची मापे टोकदार कोपऱ्यापर्यंत मोजली जातात, पत्रा मात्र गोलाईने वळतो आणि कोपरा गाठतच नाही. बेरजेतून वजा करायच्या या जास्तीच्या मापाला बेंड डिडक्शन म्हणतात.

आधी सेटबॅक काढावा. बाहेरच्या काल्पनिक कोपऱ्यापासून गोलाई जिथे सुरू होते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे सेटबॅक. काटकोनात तो आतली त्रिज्या अधिक पत्र्याची जाडी एवढाच असतो. पत्रा 2 मिलीमीटर आणि आतली त्रिज्याही 2 मिलीमीटर असेल, तर सेटबॅक 4 मिलीमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून 8.

पण हे 8 मिलीमीटर पूर्ण वजा होत नाहीत, कारण गोलाईतही पत्रा खर्च होतो. वाकताना आतला थर दाबला जातो, बाहेरचा ताणला जातो आणि मधल्या एका थराची लांबी बदलत नाही. हा थर आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या किती हिश्श्यावर आहे, ते के-फॅक्टर सांगतो. साध्या पोलादासाठी सुरुवातीला 0.40 धरायला हरकत नाही. मग त्या थराची त्रिज्या 2 + 0.40 × 2, म्हणजे 2.8 मिलीमीटर. काटकोनाचा कंस म्हणून तिला 1.571 ने गुणले की गोलाईतली लांबी 4.4 मिलीमीटर येते. हा बेंड अलाउन्स.

8 मधून 4.4 गेले, उरले 3.6. हेच बेंड डिडक्शन, म्हणून पट्टी 76.4 मिलीमीटरची कापायची. ताळा सोपा आहे: सरळ भाग 46 आणि 26, गोलाई 4.4, एकूण 76.4.

चूक बहुधा त्रिज्येत होते. प्रेस ब्रेकवर पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवला, तर आतली त्रिज्या मुख्यतः डायच्या व्ही-खाचेची रुंदी ठरवते, पंचाचे टोक नव्हे. साध्या पोलादात ती खाचेच्या रुंदीच्या साधारण 16 टक्के येते. 12 मिलीमीटरच्या खाचेत ती 2 च्या आसपास असते, 16 च्या खाचेत अडीचच्या. डाय बदलली आणि आकडा तोच ठेवला, तर प्रत्येक बेंडमागे सुमारे 0.2 मिलीमीटरची चूक होते. चार बेंडच्या पेटीत ती पाऊण मिलीमीटरच्या पुढे जाते आणि झाकण बसत नाही.

म्हणून हिशेबावर थांबू नये. त्याच पत्र्याची नेमकी 100 मिलीमीटरची पट्टी त्याच डायवर काटकोनात वाकवावी आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजाव्यात. बेरीज 103.7 आली, तर त्या पत्र्याचे आणि त्या डायचे खरे बेंड डिडक्शन 3.7. त्रिज्या खरोखर 2 असेल, तर उलट हिशेबाने के-फॅक्टर 0.37 च्या जवळ निघतो. मोजण्याआधी कोन गुण्याने तपासावा. पत्रा थोडा परत उघडला असेल, तर बेरजेचा हा आकडा काटकोनाचा राहत नाही.