‘पाडव्यापर्यंत बंद’ म्हणजे नक्की कधी?

दिवाळीत छोट्या छापखान्याच्या दारावर ‘पाडव्यापर्यंत बंद’ अशी पाटी लागते आणि गोंधळ सुरू होतो. पाडव्याला दुकान उघडं की बंद? काही व्यापारी पाडव्याच्या मुहूर्तावर उघडतात, काही भाऊबीज उरकून, तर काही थेट लाभपंचमीला.

२०२५च्या दिवाळीसाठी नेमकी सूचना अशी झाली असती: ‘मंगळवार २१ ते गुरुवार २३ ऑक्टोबर, दोन्ही दिवस धरून, छापखाना बंद. शुक्रवार २४ रोजी सकाळी १० वाजता सुरू.’ वार आणि तारीख दोन्ही दिल्या, की एक चुकली तरी लगेच ध्यानात येते.

खरी कसरत तातडीच्या नंबराची. नुसतं ‘तातडीसाठी संपर्क’ लिहिलं, तर व्हिजिटिंग कार्डवालाही लक्ष्मीपूजनाच्या ऐन वेळी फोन करणार! म्हणून काम आणि वेळ दोन्ही बांधून द्यावीत: ‘फक्त दशक्रिया विधीच्या पत्रिका व श्रद्धांजली फलक. सकाळी १० ते १, फोनच करावा. मेसेज पाहिले जाणार नाहीत.’ कागदाचे घाऊक दुकानही बंद असेल, तर शिल्लक कागदावरच छपाई होईल, हेही त्यातच सांगावं.

सूचना मात्र आठवडाभर आधी लावावी. ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख तिच्यात नसेल, तर ती अर्धीच.