आधी शेतकरी, मग कारागीर

देऊळघाटासारख्या गावात मोटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कारागिराने व्हॉट्सॲप बिझनेसवर आपलं खातं काढलं, असं समजू. परिचयाच्या चौकटीत तो बहुधा असं काही लिहील: ‘मी आयटीआय वायरमन असून गेली १८ वर्षे या व्यवसायात आहे. आमच्याकडे सर्व प्रकारच्या मोटरी, पंखे, कूलर, मिक्सर, स्टार्टर यांची दुरुस्ती व वाइंडिंगची कामे माफक दरात, विश्वासाने व तत्परतेने केली जातात. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. एकदा अवश्य भेट द्या.’ यात खोटं काहीच नाही. व्हॉट्सॲप व्यवसायाच्या वर्णनाला ५१२ अक्षरं देतं, त्यात हे आरामात बसतं. पण नावाखाली दिसणाऱ्या ‘अबाउट’ ओळीला १३९ अक्षरांची मर्यादा आहे. इन्स्टाग्रामवर ती १५० आहे आणि एक्सवर १६०. तिथे हा मजकूर छाटावा लागतो, आणि बहुतेकांची चूक छाटण्याच्या पद्धतीतच होते. ते प्रत्येक वाक्यातून थोडं थोडं कमी करतात. उरतं ते असं: ‘सर्व प्रकारची मोटर दुरुस्ती, १८ वर्षांचा अनुभव, माफक दर, तत्पर सेवा.’ मजकूर लहान झाला, पण तो कोणाच्या उपयोगाचा आहे हे कळत नाही. थोडक्यात परिचय लिहिणं म्हणजे लांब परिचय आटवणं नव्हे. एकच गोष्ट निवडायची आणि बाकीची निर्धाराने सोडायची, असं ते काम आहे.

ती गोष्ट कोणती, हे वाचणाऱ्याकडे पाहिलं की ठरतं. हा परिचय कोण उघडतो? रब्बीत गहू किंवा हरभरा पाण्यावर आला आहे, शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच असते आणि स्टार्टर दाबला की लगेच ट्रिप होतो, असा शेतकरी. नंबर त्याला कुणीतरी पाठवलेला आहे. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हा माणूस माझ्यासारख्याचं काम करतो का, आणि नेमकं काय करतो. कारागिराचं शिक्षण आणि वर्षं त्यानंतरची. म्हणून लांब मजकुरातल्या प्रत्येक तुकड्याला एक कसोटी लावावी. तोच तुकडा शिंप्याच्या किंवा किराणा दुकानाच्या पाटीवर जसाच्या तसा चालेल का? ‘माफक दर’, ‘तत्परता’, ‘ग्राहकांचे समाधान’, ‘अवश्य भेट द्या’ हे सगळं चालतं, म्हणून ते जातं. पत्ता, वेळ आणि व्यवसायाचा प्रकार यांना बिझनेस खात्यात स्वतंत्र रकाने आहेत, तेव्हा त्यांच्यावरही ही मोजकी अक्षरं खर्च करू नयेत. पंखे, मिक्सर या वाचणाऱ्याच्या कामाचे नाहीत. चाळणीतून उरते ती मोटर आणि वाइंडिंग, त्यांना शेतकरी जोडायचा.

पहिला खर्डा साधारण असा होतो: ‘शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरींचे वाइंडिंग करून मिळेल.’ कोण आणि काय, दोन्ही आलं. तरी एक अडचण राहते. मोटर जळली आहे हे शेतकऱ्याला कुठे ठाऊक असतं? पाणबुडी मोटर विहिरीच्या किंवा बोअरच्या तळाशी असते. वरून त्याला एवढंच कळतं की ती चालत नाही. वाइंडिंग जळालं असेल, केबलला कुठे चीर गेली असेल, पंप गाळाने अडकला असेल किंवा नुसता स्टार्टरच बिघडला असेल. ‘जळालेली’ हे कारागिराने तपासून काढलेलं निदान आहे, शेतकऱ्याची तक्रार ‘बंद पडलेली’ अशी असते. परिचयात तक्रारीचा शब्द हवा, नाहीतर केबल तुटलेला माणूस हे आपलं काम नाही असं समजून पुढे जाईल. दुसरी उणीव याहून मोठी आहे. शेतकऱ्याला वाइंडिंगची चिंता नंतरची, पाइपासकट मोटर वर काढायची कोणी आणि परत सोडायची कोणी ही आधीची. हा कारागीर ते करत असेल तर त्याच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि लांब परिचयात नेमका तिचाच उल्लेख नव्हता. आटवत बसणारा तिथपर्यंत कधी पोचला नसता, कारण मुळात नसलेलं आटवण्यातून हाती लागत नाही. तेव्हा दुसरा खर्डा: ‘देऊळघाट परिसरातल्या शेतकऱ्यांची बंद पडलेली पाणबुडी मोटर विहीर-बोअरमधून काढून, दुरुस्त करून परत बसवून देतो. ३ ते १० एचपी. आधी फोन करा.’

स्पेस आणि विरामचिन्हं धरून हा मजकूर १३३ अक्षरांचा आहे. ही मोजणी मराठीत फसवी असते. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांचे संकेत वेगळे धरले की तोच शब्द ११ भरतो. एक्सवर मोजणी अशीच होते. साध्या एसएमएसमध्ये तर देवनागरी आली की एका संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर येते. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने वहीतल्या मोजणीवर विसंबू नये. मजकूर त्या चौकटीत टाइप करून किती जागा उरली ते पाहावं आणि जोडाक्षरांनी भरलेला शब्द साध्या शब्दाने बदलावा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: पंखे आणि मिक्सर परिचयातून गेले, मग ते गिऱ्हाईकही जाणार नाही का? पण मिक्सर दुरुस्तीला आणणारा माणूस गावातला, दुकान पाहिलेला असतो. तो परिचय वाचून येत नाही. वाचतो तो आसपासच्या खेड्यातला अनोळखी शेतकरी. शिवाय ५१२ अक्षरांची जागा आहेच, बाकीची कामं तिथे लिहावीत.

दुसरा आक्षेप असा की मोठमोठ्या संस्था काय करतात हे न सांगताही ओळखल्या जातात. एसटीचं ब्रीद आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. कोणासाठी हे त्यात आहे, काय करते ते नाही, कारण रस्त्यावरून धावणारी बस ते सांगते. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदात मात्र कोणाचं रक्षण आणि कोणाला आवर, हे दोन शब्दांत मावलं आहे. ज्याची बस आधीच सगळ्यांनी पाहिली आहे त्याला अर्धं सांगून चालतं. अनोळखी कारागिराला दोन्ही भाग सांगावे लागतात.

तिसरी हरकत अनुभवाची आहे. १८ वर्षांची मेहनत दोन ओळींत दिसूच नये का, हा प्रश्न मानाचा आहे आणि तो झटकून टाकू नये. माझं उत्तर असं की अनुभव वर्षांपेक्षा नेमकेपणातून जास्त दिसतो. ‘३ ते १० एचपी’ असं लिहिणाऱ्याला आपल्या हत्यारांची आणि ताकदीची हद्द माहीत आहे, हे जाणत्या शेतकऱ्याला लगेच कळतं. वाइंडिंगची हमी देत असाल तर किती महिने ते लिहा, त्याला ‘विश्वासाने’ या शब्दाहून जास्त वजन आहे. पण न पाळता येणारं वचन त्या ओळीत नको. रब्बीत एकाच वेळी पाच मोटरी आल्या की ‘२४ तासांत’ हे खोटं ठरतं, आणि मोजकी वाक्यं असतात तेव्हा खोटं ठरलेलं एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहतं.

लिहून झालं की व्यवसायाची काही माहिती नसलेल्या एखाद्याला मजकूर वाचायला द्या आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. ‘तू या माणसाला कधी फोन करशील?’ असं विचारा. ‘मोटर बंद पडली की’ असं उत्तर आलं तर मजकूर तसाच ठेवा. ‘काही दुरुस्तीचं असलं तर’ असं आलं, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.