वेटेज बदललं, आता फायनलला किती?

अमेरिकेत मास्टर्स करणाऱ्या माझ्या भाचीचा ऑक्टोबरात एका रात्री फोन आला. "मामा, सरांनी निम्मं सेमिस्टर झाल्यावर वेटेज बदललंय. आता फायनलला किती पाडायचे?"

तिकडे कोर्सचं वेटेज बहुधा शिकवणारा प्राध्यापकच ठरवतो आणि पहिल्या दिवशी सिलॅबसच्या कागदावर लिहून देतो. आपल्याकडे विद्यापीठाच्या परीक्षेची गुणविभागणी अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेतून जाते, त्यामुळे एकट्या शिक्षकाला ती हलवता येत नाही.

भाचीच्या कागदावर होमवर्क २०, क्विझ १०, मिडटर्म ३० आणि फायनल ४० अशी वाटणी होती. मुलं एकमेकांचं होमवर्क उतरवतात असं सरांच्या लक्षात आलं. मग त्यांनी होमवर्कचे १० आणि मिडटर्मचे १० काढून फायनलला दिले. नवी वाटणी झाली १०, १०, २०, ६०. होमवर्कचा राग मिडटर्मवर का काढला, ते सरांनाच ठाऊक. भाचीचे तोवरचे गुण शंभरपैकी असे: होमवर्क ९५, क्विझ ८०, मिडटर्म ६५.

जुना हिशेब आधी. ९५ चे २० टक्के म्हणजे १९, ८० चे १० टक्के म्हणजे ८, ६५ चे ३० टक्के म्हणजे साडेएकोणीस. एकूण साडेसेहेचाळीस गुण पदरात पडलेले. तिला बी ग्रेडसाठी ८० हवे होते, म्हणजे साडेतेहेतीस कमी. ते फायनलच्या ४० मधून काढायचे, म्हणून ३३.५ भागिले ४०. उत्तर ८३.७५ टक्के.

नव्या वाटणीत होमवर्कचे साडेनऊ, क्विझचे ८, मिडटर्मचे १३, असे साडेतीसच हाती राहतात. साडेएकोणपन्नास कमी, पण ते ६० मधून काढायचे. उत्तर साडेब्याऐंशी टक्के. हातातले १६ गुण गेले आणि तरी फायनलचं ओझं सव्वा टक्क्याने हलकं झालं! भाचीला वाटलं, माझी आकडेमोड चुकली.

चुकली नव्हती. जे २० टक्के वेटेज काढून घेतलं, त्यावर तिने मिळवले होते १६, म्हणजे सरासरी ८०. हा आकडा सगळ्या हिशेबाची किल्ली आहे. फायनलला बरोबर ८० टक्के पडले, तर दोन्ही पद्धतींनी एकूण साडेअठ्ठ्याहत्तरच येतात. त्याहून जास्त पडले तर नवी पद्धत फायद्याची, कमी पडले तर जुनी. तिला जुन्या पद्धतीने ८३.७५ हवे होते, ते ८० च्या वर. म्हणून नवी पद्धत तिला सोपी पडली.

पण लक्ष्य बदललं की निकालही फिरतो. सी ग्रेडसाठी लागणारे ७० गाठायला जुन्या पद्धतीत फायनलला ५८.७५ टक्के पुरत होते, नव्यात जवळजवळ ६६ लागतात. उलट ए ग्रेडच्या ९० साठी जुन्यात १०८.७५ टक्के लागत होते, म्हणजे दार बंदच. नव्यात ९९.१७. दार किलकिलं झालं म्हणायचं, आत शिरणं कठीणच.

तिच्या मैत्रिणीची कथा वेगळी. होमवर्क आणि क्विझ भाचीइतकेच, पण मिडटर्मला ९५. तिच्याकडून काढलेल्या वेटेजची सरासरी ९५ होते. ए साठी तिला आधी ८६.२५ पुरत होते, आता ८९.१७ लागणार. म्हणजे जिने आधीच नीट अभ्यास केला, तिच्याच अंगावर हा बदल आला. तो मिडटर्मचे गुण लागल्यानंतर जाहीर झाला, हे मला खटकलं. मिडटर्मच्या आधी कळलं असतं तर मुलांनी अभ्यासाची वाटणी तरी वेगळी केली असती.

हा हिशेब मांडताना एक चूक नेहमी होते. मिडटर्म ३० पैकी असेल, तर आधी त्याचे शंभरपैकी गुण करून घ्यावेत. नाहीतर साडेएकोणीसलाच लोक पुन्हा ३० टक्के लावतात आणि उगाच घाबरतात. आलेलं उत्तर खाली उतरवू नये, ८३.७५ म्हणजे किमान ८४ धरावेत. क्विझ बाकी असतील तर आजची सरासरी फक्त अंदाज असते. आणि फायनलमध्ये स्वतंत्रपणे पास होण्याची अट असेल, तर ती या भागाकारात कुठेच दिसत नाही.

असा बदल तुमच्या वाट्याला आलाच, तर शिक्षकांकडे लेखी एवढंच मागा: प्रत्येकाचे गुण दोन्ही पद्धतींनी काढा आणि जास्त येतील ते धरा. एक्सेलमध्ये त्यासाठी फक्त एक रकाना वाढतो.